घातात दडलेला गुणाकार

शून्याचा शून्यावा घात किती, या प्रश्नाला चटकन सुचणारी दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. कुठल्याही शून्येतर संख्येचा शून्यावा घात 1. म्हणून पाया कितीही लहान करत नेला तरी x^0 एकावर ठाम राहतं. उलट शून्याचा कुठलाही धन घात 0. म्हणून घातांक कितीही लहान करत नेला तरी 0^x शून्यावर ठाम. दोघंही एकाच ठिकाणी पोचतात आणि तिथे पोचल्यावर एकमेकांशी भांडतात.

या भांडणात एकाची बाजू घेऊन निकाल देण्याची घाई मला कधी आवडली नाही. पाया आणि घातांक दोघंही एकाच वेळी शून्याकडे निघाले तर काय होतं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो हातात कॅल्क्युलेटर घेऊन सरळ बघता येतो. 0.1 चा 0.1 वा घात येतो 0.7943. मग 0.01 चा 0.01 वा घात 0.9550. मग 0.001 चा 0.001 वा घात 0.9931. म्हणजे x^x एकाकडे चाललं आहे. पण का? लहान पाया उत्तराला खाली ओढतोय, लहान घातांक त्याला एकाकडे ओढतोय, आणि या रस्सीखेचीत घातांक जिंकतोय. तो का जिंकतो हे या आकड्यांच्या रांगेत दिसत नाही. लॉग घेतला की दिसतं.

लॉगची सगळी करामत एका ओळीत मावते: y = f^g असेल तर log y = g · log f. घात होता, तिथे गुणाकार आला. पाया वर चढून बसलेल्या घातांकाच्या शेजारी येऊन उभा राहिला, आता दोघांची ताकद एकाच मापाने मोजता येते.

पाठ्यपुस्तकात इथे नैसर्गिक लॉग घेतात, पण पहिल्यांदा मला दहाच्या पायाचा लॉग जास्त बोलका वाटतो. x म्हणजे 10^(-k) घ्या. त्याचा लॉग सरळ -k. मग x · log x म्हणजे -k भागिले 10^k. k एक असताना -1/10, दोन असताना -2/100, तीन असताना -3/1000. अंशात 1, 2, 3 अशी साधी मोजणी चालली आहे आणि छेद दर पावलाला दहापट होतोय. हा अपूर्णांक शून्याकडे जाणार हे सांगायला कुठलंही प्रमेय लागत नाही. आता वरचे आकडे परत पाहा: 0.7943 म्हणजे 10^(-0.1), 0.9550 म्हणजे 10^(-0.02), 0.9931 म्हणजे 10^(-0.003). कॅल्क्युलेटरवर गूढ वाटणारी रांग आतून इतकी साधी होती. log y शून्याकडे जातो, म्हणून y जातो 10^0 कडे, म्हणजे 1 कडे.

इथे एक पायरी अशी आहे जी लोक हमखास विसरतात. लॉगची लिमिट 0 आली की उत्तर 0 लिहून पुढच्या गणिताकडे वळतात. वह्या तपासताना हे इतक्या वेळा दिसतं, की मी विद्यार्थ्यांना पहिल्याच ओळीत मूळ राशीला y हे नाव द्यायला लावते आणि शेवटची ओळ y नेच सुरू करायला सांगते. लॉग शून्य आला म्हणजे उत्तर एक. लॉग ऋण अनंताकडे गेला म्हणजे उत्तर शून्य. लॉग धन अनंताकडे गेला म्हणजे उत्तर अनंत. हे परत येणं बिनधोक आहे, कारण घातांकी फलन सलग आहे, त्यात कुठे तुटलेली जागा नाही. लॉग एखाद्या संख्येकडे सरकत असेल तर मूळ राशी लॉगच्या पायाच्या तेवढ्या घाताकडेच सरकणार.

आता दुसरं रूप घेऊ: पाया अनंताकडे आणि घातांक शून्याकडे. याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे n चं n वं मूळ, n^(1/n). दहाचं दहावं मूळ 1.2589, शंभराचं शंभरावं 1.0471, हजाराचं हजारावं 1.0069. तेही एकाकडेच. लॉग घेतला तर log n भागिले n, म्हणजे n = 10^k असताना k भागिले 10^k. हाच अपूर्णांक मघाशी भेटला होता, फक्त तेव्हा त्याच्या आधी उणे चिन्ह होतं. आणि खरंच, x च्या जागी 1/n ठेवलं की x^x चा व्यस्त म्हणजेच n^(1/n). 0.7943 ला 1.2589 ने गुणून पाहा, 1 येतो. शून्य घात शून्य आणि अनंत घात शून्य ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवली जातात, पण लॉगच्या नजरेतून ती एकाच वस्तूची उजवी-डावी बाजू आहेत. एकीकडे 0 गुणिले ऋण अनंत, दुसरीकडे 0 गुणिले धन अनंत. तिसरं भावंड, एक घात अनंत, तेही लॉग घेतल्यावर अनंत गुणिले 0 होतं. मात्र शून्य घात धन अनंत या कुटुंबात बसत नाही, कारण तिथे लॉग होतो अनंत गुणिले ऋण अनंत. दोघं एकाच दिशेला ओढतात, त्यामुळे भांडणच नाही, आणि उत्तर बिनविरोध शून्य.

मग दोन्ही वेळा उत्तर 1 च का आलं? कारण लॉग फार आळशी फलन आहे. पाया शून्याच्या दिशेने हजारपट आत गेला तरी दहाच्या पायाचा लॉग फक्त तीनने बदलतो. पाया कोट्यवधी पटींनी कोसळतो आणि लॉगला त्याची बातमी एकेका अंकाने कळते. तेवढ्या वेळात घातांक मात्र खरोखरच हजारपट लहान झालेला असतो. त्यामुळे घातांक x असो, x चं वर्गमूळ असो की शंभरावं मूळ, तो शेवटी लॉगला दाबतोच. शंभराव्या मुळाच्या बाबतीत हे घडायला फार उशीर लागतो, पण घडतं.

इथपर्यंत आलं की वाटतं, उत्तर नेहमी 1 च असणार. असं वाटणं मुळीच भाबडेपणाचं नाही. १८२१ मध्ये फ्रेंच गणितज्ञ कोशीने आपल्या विश्लेषणावरच्या पाठांमध्ये 0^0 ला 0/0 सारख्या अनिश्चित रूपांच्या पंगतीत बसवलं. पुढे गुलिएल्मो लिब्री या इटालियन गणितज्ञाच्या लेखनावरून वाद उठला, आणि १८३४ मध्ये क्रेलेच्या गणिती जर्नलमध्ये मोबिअसने, त्याच्या नावाच्या पट्टीमुळे आज ज्याला सगळे ओळखतात त्या मोबिअसने, अशी मांडणी केली की पाया आणि घातांक दोघं शून्याकडे गेले की लिमिट 1 च येते. त्यावर त्याच जर्नलमध्ये कुणीतरी फक्त 'S' एवढ्याच सहीने उत्तर दिलं. त्याचं उदाहरण होतं (e^(-1/x))^x.

हे उदाहरण अगदी जवळून बघण्यासारखं आहे. सोपं जावं म्हणून e च्या जागी 10 घेऊ. x = 0.1 असताना पाया 10^(-10), x = 0.01 असताना पाया 10^(-100). पाया शून्याकडे जातोय, घातांक x हाही शून्याकडे जातोय, त्यामुळे रूप अस्सल 0^0 आहे. पण लॉग घ्या: x गुणिले -1/x, म्हणजे कायम -1. उत्तर प्रत्येक पावलाला 1/10. ते 1/10 कडे सरकतही नाही, पहिल्यापासून तिथेच बसलेलं आहे. पायाला इतक्या वेगाने पाडलं, की आळशी लॉगलाही 1/x च्या चालीने धावावं लागलं, आणि घातांकाची सगळी सरशी बरोबर तेवढ्यातच फिटली. पायात 1/x ऐवजी 1/x^2 ठेवलं तर लॉग होतो -1/x आणि उत्तर शून्यात जातं. अनंताच्या बाजूला 10^(n^2) चं n वं मूळ काढलं तर 10^n मिळतं आणि ते अनंतात जातं.

मोबिअसचा युक्तिवाद टिकला नाही, तरी त्यामागची जाणीव पोकळ नव्हती असं मला मनापासून वाटतं. रोजच्या वापरातली फलनं, म्हणजे बहुपदी, sin, tan, e^x - 1 वगैरे, शून्याजवळ x च्या कुठल्या ना कुठल्या पूर्णांक घातासारखी वागतात: f साधारण c·x^m सारखं, g साधारण k·x^p सारखं. मग g · log f मध्ये मुख्य भाग येतो x^p · log x, आणि तो शून्याकडे जातो हे आपण मघाशी पाहिलं. म्हणून अशा फलनांसाठी, पाया धन असेल तर, 0^0 ची लिमिट खरोखर 1 च येते. (sin x)^(tan x) साठी लांबलचक आकडेमोड करायची गरजच नाही. e^(-1/x) मात्र शून्याजवळ x च्या कुठल्याही घातासारखं वागत नाही, त्या सगळ्यांपेक्षा लवकर मरतं. मोबिअसच्या सिद्धतेला भोक पडलं ते तिथे.

आता एक असं गणित जे पाहिल्यावर बहुतेकांचा हात 1 लिहायला जातो. x धन बाजूने शून्याकडे जाताना (cot x)^(1/ln x). इथे cot x अनंताकडे जातो, ln x ऋण अनंताकडे, म्हणून घातांक शून्याकडे. रूप अनंत घात शून्य.

याला y हे नाव देऊ. मग ln y = ln(cot x) / ln x. अंश उलगडू: ln(cot x) = ln(cos x) - ln(sin x). cos x एकाकडे जातो, त्यामुळे पहिला तुकडा शून्याकडे. दुसऱ्या तुकड्यात sin x ला x गुणिले (sin x / x) असं लिहू, म्हणजे ln(sin x) = ln x + ln(sin x / x), आणि यातला शेवटचा तुकडाही शून्याकडे जातो, कारण sin x / x एकाकडे जातं. हातात राहिलं: अंश म्हणजे -ln x अधिक काहीतरी नगण्य, आणि छेद ln x. भागाकार -1 कडे. म्हणून y जातो e^(-1) कडे, म्हणजे 0.3679.

पाया अनंताकडे जातोय आणि उत्तर एकापेक्षा लहान! यात चमत्कार काही नाही, घातांक ऋण बाजूने शून्याकडे येतोय. x = 0.01 ला पाया जवळजवळ 100 आणि घातांक -0.217, म्हणजे शंभराच्या लहानशा घाताने 1 ला भागतोय. पण रूप नुसतं 'अनंत घात शून्य' असं लिहिलं की हे ऋण चिन्ह दिसेनासं होतं. ही रूपं म्हणजे प्रश्नाचा मथळा आहे, प्रश्न नव्हे, असं मी मानते. घातांकात 1/ln x ऐवजी साधा x असता तर उत्तर 1 आलं असतं. 1/ln x हा शून्याकडे जाणारा विलक्षण मंद घातांक आहे. x = 10^(-100) इतक्या आत गेलं तरी तो अजून -0.004 वर रेंगाळतोय. लॉगच्या आळसाला तोडीस तोड आळस लागतो, आणि तो दुसऱ्या लॉगकडेच मिळतो. हे कळलं की हवं ते उत्तर मुद्दाम घडवता येतं: x^(ln 2 / ln x) प्रत्येक x ला 2 च असतं, पाया शून्यात जात असतानाही.

हे गणित लोपितालच्या नियमानेही सुटतं, अंश-छेदांचे डेरिव्हेटिव्ह घेतले की -x / (sin x cos x) उरतं आणि ते -1 कडे जातं. नियम वापरताना एकच पथ्य सांगते. 0 गुणिले अनंत या गुणाकाराचा अपूर्णांक दोन तऱ्हांनी करता येतो आणि दोन्ही सारख्या नसतात. x · ln x ला ln x भागिले 1/x असं मांडलं तर एकाच फेरीत -x मिळतं, काम झालं. तेच x भागिले 1/ln x असं मांडलं तर एका फेरीनंतर -x · (ln x)^2 हातात येतं, आणि आपण निघालो होतो त्याहून अवघड जागी असतो. लॉगला अंशात ठेवा, डेरिव्हेटिव्ह त्याला संपवून टाकतो. छेदात ठेवला तर तो वाढत जातो.

या लिमिटांच्या बाबतीत कॅल्क्युलेटरवर किती विसंबायचं? x^x साठी तो छान साथ देतो, पण त्याच विश्वासाने (5/x)^(1/ln x) तपासलं तर फसगत होते. x = 0.001 ला येतं 0.2914. दशलक्षांशाला 0.3274. 10^(-12) ला 0.3471. आकडे चढत आहेत, पण कुठे थांबणार? 0.35? 0.4? लॉग घेतल्यावर एका नजरेत कळतं: ln y = -1 + ln 5 / ln x. उत्तर e^(-1), आणि लॉगमधली चूक ln 5 / ln x एवढी, जी लॉगच्याच चालीने, म्हणजे न कंटाळता वाट पाहिली तरच जाणार. 10^(-100) ला देखील 0.3653 आहे, 0.3679 नाही. आकडे जिथे पोचवत नाहीत तिथे लॉग आपल्याला मुक्कामही सांगतो आणि अंतरही.

अनंत घात शून्याचं एक रूप मला फार प्रिय आहे, कारण ते कुणी मुद्दाम रचलेलं वाटत नाही: (2^n + 3^n)^(1/n). कंसात प्रचंड संख्या, बाहेर शून्याकडे जाणारा घातांक. n = 2 ला 3.6056, n = 5 ला 3.0752, n = 10 ला 3.0052. लॉग घेताना 3^n बाहेर काढलं की होतं n · ln 3 + ln(1 + (2/3)^n), आणि याला n ने भागलं की पहिला तुकडा ln 3 आणि दुसरा शून्य. उत्तर 3. दोन घोडदौडींपैकी जास्त वेगाची कुठली, एवढंच n वं मूळ शेवटी लक्षात ठेवतं. इथे लॉग n च्या पटीत वाढतोय आणि घातांक 1/n आहे. दोघांची बरोबरी असली की उत्तर एकाहून वेगळं निघतं, हा S च्या उदाहरणातलाच हिशोब.

लॉग घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासायला हवी: पाया धन आहे ना? x ऋण बाजूने शून्याकडे जात असेल तर वास्तव संख्यांमध्ये x^x लाच सरसकट अर्थ नाही, त्यामुळे लिमिट फक्त उजव्या बाजूची. आणि पाया जर कायमच शून्य असेल, सुरुवातीच्या 0^x सारखा, तर लॉग घेताच येत नाही. तिथे ही रीत गप्प बसते आणि उत्तर सरळ व्याख्येतून घ्यावं लागतं: 0.

आणि लिमिट बाजूला ठेवून, नुसती संख्या म्हणून 0^0 किती? तिथे 1 मानणं सोयीचं आणि माझ्या मते योग्यही आहे. बहुपदीतल्या स्थिर पदाला x^0 म्हणता यावं आणि x = 0 ठेवल्यावर द्विपद प्रमेय मोडू नये, एवढं कारण पुरे. याने लिमिटच्या प्रश्नाला धक्का लागत नाही. एखाद्या बिंदूवर आपण काय किंमत ठरवली, याचा त्या बिंदूकडे येणाऱ्या वाटांशी संबंध असेलच असं नाही.

हा फरक पायथॉनमध्ये प्रत्यक्ष टाइप करून बघता येतो:

```python
>>> from math import exp, log, inf
>>> 0.0 ** 0.0
1.0
>>> inf ** 0.0
1.0
>>> exp(0.0 * log(inf))
nan
```

पहिल्या दोन ओळींत ठरवलेली किंमत आहे. तिसऱ्या ओळीत लॉगची वाट धरली, तिथे 0 गुणिले अनंत समोर आलं आणि यंत्राने कुठलाही आकडा द्यायला नकार दिला. फ्लोटिंग पॉइंट आकडेमोडीचं जे मानक संगणक पाळतात, त्या आयईईई ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत या दोन वागणुकींना वेगवेगळी नावंही दिली आहेत. `pow` कुठल्याही पायाचा शून्यावा घात 1 देतं. `powr` ची व्याख्या मात्र लॉग घेऊन, गुणून, परत घातांकी फलन लावून केलेली आहे, आणि शून्य घात शून्य, अनंत घात शून्य, एक घात अनंत या तिन्ही ठिकाणी ते `NaN` परत करतं.